हसरा चेहरा कोणत्या फ्रेममधून घ्यावा?

लग्नाच्या स्टेजवर बारा जणांचा फोटो काढला की कुणाचे तरी डोळे मिटलेले निघतातच. मग दुसऱ्या फ्रेममधले त्याच माणसाचे डोके उचलून इथे बसवायचे, हा आता रोजचा उपाय झाला आहे. फोटो निवडताना नजर साहजिकच सर्वांत सुंदर हसू शोधते, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. आधी पाहायला हवी ती मान, मग उजेड, आणि हसू त्यानंतर. समजा, आजीचे डोळे मिटले आहेत. एका फ्रेममध्ये ती खळखळून हसते आहे, पण मान नवरीकडे वळलेली आणि हनुवटी वर. दुसरीत ओठांवर जेमतेम हसू आहे, मात्र चेहरा मूळ फोटोसारखाच समोर. दुसरीच घ्यावी. वळलेल्या चेहऱ्यात एक कान जास्त दिसतो, नाकाचा शेंडा गालाच्या कडेकडे सरकतो आणि नाकाची सावलीही जागा बदलते. कडा कितीही मऊ केल्या तरी हे लपत नाही. मान जुळल्यावर बुबुळांतला प्रकाशाचा ठिपका दोन्हीकडे एकाच जागी आहे का, तेही पाहावे. स्टेजवर व्हिडिओवाल्याचा दिवा सतत हलत असतो.

यावर कुणी म्हणेल, मग फक्त डोळेच उचला. पण मनापासून हसताना गाल वर येतात, खालच्या पापण्या आक्रसतात, डोळे बारीक होतात. गंभीर क्षणीचे टपोरे डोळे हसऱ्या ओठांवर ठेवले तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. म्हणून अख्खे डोके घ्यावे आणि जोड केसांच्या कडेला, गळ्यापाशी दागिन्याच्या किंवा कॉलरच्या रेषेत लपवावा.

दुसरा आक्षेप असा की तीन सेकंदांत तीस फ्रेम मिळतात, निवडीला काय तोटा? पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांच्या ज्या हिशेबाला २००६ चे इग नोबेल मिळाले, त्यानुसार विसाच्या आतला समूह असेल तर एका तरी फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे मिळावेत म्हणून चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागावे आणि तितके फोटो काढावेत. बारा जणांना चार फोटो. मात्र हे फोटो एकमेकांपासून सुटे असायला हवेत. सेकंदाला दहा फ्रेम या वेगात पापणीची एकच उघडझाप दोन-तीन फ्रेम खाते, तिच्या आगेमागे अर्धमिटले डोळे येतात. तीस फ्रेम म्हणजे तीस संधी नव्हेत. थोड्या अंतराने घेतलेले तीन छोटे बर्स्ट एका लांबलचक बर्स्टपेक्षा अधिक उपयोगी. व्हिडिओतून फ्रेम काढली तर तपशील कमी आणि हललेपणा जास्त. शेजारच्या स्पष्ट चेहऱ्यांत तो मऊ चेहरा लगेच उठून दिसतो.

अगदी मिळतीजुळती मान कुठल्याच फ्रेममध्ये सापडली नाही, तर आजीचे डोळे मिटलेलेच राहू द्यावेत.