सांगून जावं



माहुलच्या कोळीवाड्यात हळदीला बेंजो वाजतो, पण लय ढोलकीवाल्याच्या हाती असते. गाणं कधी चढवायचं, कधी तोडायचं, हे त्याच्या थापेवर ठरतं. असा एक ढोलकीवाला नोकरीसाठी निघाला. माहुलच्या दाराशीच रिफायनरी. याला काम मिळालं मात्र मध्य प्रदेशात, बीनाच्या रिफायनरीत. त्यानं साथीदारांना पत्र लिहिलं.

"दादांनो, पावसाळ्यात सुपाऱ्या नसतात, चूल मात्र रोज पेटवावी लागते. म्हणून जातोय. लग्नसराईआधीच सांगतोय. घेतलेल्या सुपाऱ्या वाजवून जाईन. धाकट्याला माझे तोडे शिकवतो."

मंडळी, जायचं तर सांगून जावं. कारणही खरं सांगावं. ऐन हळदीत ढोलकी गप्प ठेवणं वाईटच.

तुमचंही कुणाला सांगायचं राहिलं असेल, तर आजच सांगा.