कॅम्पसला जाण्याआधी

पुढच्या महिन्यात इंजिनिअरिंग कॉलेजांत कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये मिळून चारशेच्या आसपास माणसं आहेत, आणि भरतीची जबाबदारी माझ्याकडे आहे. नवे इंजिनिअर येत नाहीत. आलेले वर्ष-दीड वर्षात चाकणची वाट धरतात. मालकांचं म्हणणं, ‘एम्प्लॉयर ब्रँडिंग’ करा, चांगला व्हिडिओ काढा. ही कल्पना टिम अँब्लर आणि सायमन बॅरो यांनी १९९६ साली मांडली, तेव्हा नोकरीतून माणसाला प्रत्यक्ष काय मिळतं आणि ते कंपनीच्या नावाशी कसं जोडलं जातं, एवढाच त्यांचा मुद्दा होता. म्हणून व्हिडिओ काढण्याआधी मी स्वतःला विचारतो आहे, आपण या मुलांना नेमकं देतो काय?

पगारापासून सुरुवात करतो. जाहिरातीत लिहायचं आहे, सीटीसी तीन लाख. म्हणजे महिन्याला २५,००० रुपये. बेसिक १५,००० धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१, वर्षाअखेरीस मिळणारा बोनस १,२५० आणि बस-कँटीनचे १,५०० यातच मोजलेले असतात. मग मुलाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. ईएसआय बाजूला ठेवला, तर बँकेत जमा होतात साधारण १७,७००. हे सगळं कायदेशीर आहे आणि पीएफ त्याच्याच नावावर साठतो. पण ग्रॅच्युइटी हातात पडण्यासाठी कायम कामगाराला पाच वर्षं टिकावं लागतं, आणि हा मुलगा पाच वर्षं राहील असं मला स्वतःलाच वाटत नाही. जे त्याला मिळणार नाही असं मी मनात धरून चाललो आहे, ते त्याच्या पगारात मोजण्याचा मला काय अधिकार? पहिल्या महिन्याच्या पगाराच्या मेसेजमधला आकडा बघून तो वडिलांना काय सांगेल, हे मला ठाऊक आहे. या वेळी स्लाइडवर हातात येणारा आकडा मोठा आणि सीटीसी त्याखाली, असं मी ठरवलं आहे.

पगारात चाकणशी बरोबरी होणार नाही. आमच्याकडे देण्यासारखं खरं आहे ते काम, आणि माझं मन सर्वांत जास्त तिथेच अडतं.

एक उदाहरण घेतो. एका हाउसिंगमध्ये ब्लोहोल निघतात. कास्टिंग वरून स्वच्छ दिसतं. व्हीएमसीवर बोअर झाल्यावर आत भोक उघडं पडतं. तोवर ओतकामाच्या खर्चावर मशीनिंगचा खर्चही चढलेला असतो. वाळूत ओलावा जास्त, कोअर नीट न भाजल्यानं सुटलेला गॅस, अपुरे व्हेंट, थंड पडलेला धातू, यातलं कारण कोणतं? ते शोधायचं तर प्रत्येक रिजेक्ट तुकडा त्याच्या हीट नंबरशी, शिफ्टशी आणि त्या वेळच्या सँड लॅबच्या नोंदीशी जुळवावा लागतो, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. फाउंड्री आणि मशीन शॉप एकाच आवारात असल्यामुळे तेविसाव्या वर्षी एखाद्या मुलाला हा सगळा प्रवास स्वतः करता येईल. मोठ्या कारखान्यात त्याच्या वाट्याला यातला एखादाच तुकडा येतो.

पण आपण त्याला हे करू देतो का? सुपरवायझर गैरहजर असला की ट्रेनीला लाइनवर उभं करतात. प्रॉडक्शनचा आकडा संध्याकाळी मालकांना सांगायचा असतो, रिजेक्शनचं कारण कुणी त्या दिवशी मागत नाही. मग मुलाचं वर्ष रजिस्टर भरण्यात जातं. त्याच कॉलेजचा ज्युनिअर त्याला फोन करतो, ‘दादा, कंपनी कशी आहे?’ आमचं नाव त्या फोनवर ठरतं, आणि तिथे मुलगा खोटं बोलत नाही.

म्हणून व्हिडिओच्या पैशांतून दोन जादा सुपरवायझर मागितले आहेत, म्हणजे ट्रेनीला पहिलं वर्ष लाइनवरून मोकळं ठेवता येईल: आधी सँड लॅब आणि मोल्डिंग, मग मशीन शॉप आणि सीएमएम, शेवटचे सहा महिने एका पार्टचं रिजेक्शन त्याच्या नावावर. कॅम्पसला भट्टीजवळची उष्णता, धूळ, रात्रपाळी हेही सांगणार आहे. आणि नोकरी सोडून गेलेल्यांपैकी जे तयार होतील त्यांचे नंबर मुलांना देणार आहे.

मूळ प्रमाणपत्रं कंपनीत ठेवून घेण्याची पद्धत बंद करा, असंही मालकांना लिहून दिलं आहे. ‘मग थांबेल कोण?’ हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी प्रशिक्षणावर पैसे खर्च केलेले असतात, त्यांची भीती खोटी नाही. पण कागद अडकवून थांबवलेल्या मुलाच्या हाती मी ब्लोहोलचा शोध देऊ शकत नाही. सुपरवायझरची मागणी अजून मंजूर झालेली नाही. कॅम्पसपर्यंत झाली नाही, तर रिजेक्शन प्रोजेक्टची स्लाइड मी काढून टाकणार आहे, मग एकही मुलगा आला नाही तरी.