कुणाचं लग्न?

मैत्रिणीने लिहिलेलं एक पान तुमच्या हातात आहे असं समजा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेबद्दल तिने लिहिलंय. "वाच आणि खरं सांग," एवढंच ती म्हणाली. पेन बाजूला ठेवा. पहिल्या वाचनात काही करायचं नाही, फक्त वाचायचं.

आजी पदराच्या टोकाला अक्षता बांधून निघते. तळ्याकाठी संमती कट्ट्याशी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, गर्दीवर उंच डोलणारे नंदीध्वज, "हर्र बोला हर्र"चा घोष. मग लग्न लागतं. आजी डोळे पुसते आणि म्हणते, "ती इथंच असेल बघ कुठंतरी." शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्या दिवशीच्या होमाचा उल्लेख येतो.

आता स्वतःला विचारा, काय राहिलं मनात? घाई नको. "छान लिहिलंय" हे उत्तर अजून आलेलं नाही असं धरा. बहुधा आठवेल ती पदराची गाठ. मग सांगताना तेवढंच सांगा: 'पदराच्या गाठीपाशी मी आजीबरोबर गर्दीत शिरले.' वाक्य कुठलं आणि त्यानं तुमचं काय झालं, दोन्ही हवं. ही कौतुकाची साखर नाही. पुढच्या खर्ड्यात तिने काटछाट करायला घेतली, तर पहिली कात्री नेमकी या गाठीवरच चालू शकते, कारण लिहिणाऱ्याला आपली साधी वाक्यं क्षुल्लक वाटतात.

पुन्हा वाचा. यावेळी नजर कुठे मागे वळते ते पाहा. ज्या ओळीवर परत जावं लागलं, तिथं बारीक टिंब करा.

टिंब पडेल 'लग्न' या शब्दावर. कुणाचं लग्न? सोलापूरकराला हा प्रश्न पडतच नाही. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं मनात धरलेली कुंभारकन्या, त्यांच्या योगदंडाशी लागलेलं तिचं लग्न, आणि त्यानंतरचा होम हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. तो पानात नसलेलं स्वतःच भरून घेतो. म्हणून इथे गाववाल्याचा अभिप्राय अपुरा पडतो. तुम्ही नाशिकच्या किंवा नागपूरच्या असाल, तर तुमचं अडखळणं तिच्या फार कामाचं आहे. ते लपवू नका. 'मला वाटलं, तुमच्याच घरातलं कुणाचं तरी लग्न आहे. मग आजी रडली, तेव्हा मी हरवले.' बस, इथे थांबा. 'तू आधी माहिती द्यायला हवी होतीस' हे वाक्य ओठावर येईल. त्याला जरा वेळ आहे.

दुसरं टिंब आजीच्या 'ती'वर पडेल. ती कोण? पण इथे थोडं रेंगाळा. हे न कळणं पहिल्यासारखंच आहे का? पहिल्याने वाट चुकली, दुसऱ्याने ओढ लागली. मला तरी हा 'ती' उलगडलेला नको आहे. तुमचं मत वेगळं असेल, म्हणून निकाल न देता विचारा: 'हे मुद्दाम झाकलंयस का?' अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास अभिप्रायाची जी पद्धत बसवली, तिच्यात प्रश्नातच मत दडवायचं नाही आणि मत द्यायच्या आधी कलाकाराची परवानगी घ्यायची, असा नेम आहे. 'इतकं गूढ कशाला?' हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे.

आता तिला विचारा, 'एक सुचवू?' ती हो म्हणाली, तरच बोला.

सुचवायचं एकच, आणि ते संध्याकाळभरात करून पाहता येईल, नाही जमलं तर सहज मागे घेता येईल असं. 'शेवटचा होम अक्षतांच्या आधी आणून बघ.' तिच्यासाठी नवं वाक्य लिहून देऊ नका. तुमच्या वाक्यात तुमची आजी बोलू लागेल. ती कदाचित होम हलवणारच नाही, घरातून निघताना आजीच्याच तोंडी योगदंडाचा उल्लेख घालेल. चालेल की. अडखळण्याची जागा तुम्ही दाखवलीत. तिथली दुरुस्ती तिची. चार वाचक एकाच शब्दावर अडले आणि चौघांनी चार उपाय सांगितले, तर तिने जागा पक्की धरावी आणि चारही उपाय खुशाल सोडून द्यावेत.

नवा खर्डा आला की तो आधी पान न पाहिलेल्या माणसाला द्या. तुम्हाला आता लग्न कुणाचं ते माहीत झालंय, त्यामुळे त्या शब्दावर तुम्ही पुन्हा अडणार नाही. तुमच्याकडे दोनच गोष्टी तपासायच्या उरतात: पदराची गाठ शाबूत आहे ना, आणि माहिती घालण्याच्या नादात तिने 'ती'चं नाव सांगून टाकलं नाही ना.