एक ग्रॅम, दोन भाव

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंना पैशांची तातडीची गरज पडली. त्यांच्या डिमॅट खात्यात सरकारी सुवर्ण रोखे होते, साठ ग्रॅमचे. घेतल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. त्या दिवशी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला ५,१०० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे तीन लाख सहा हजार येतील, असा हिशेब करून त्यांनी मला मोबाइलवर विक्री करून द्यायला सांगितलं. मी त्या रोख्याचा पडदा उघडला. सर्वांत वरची बोली होती ४,८६१ रुपयांची, तीही फक्त नऊ ग्रॅमसाठी. तिच्याखाली ४,८५० ला चार ग्रॅम, ४,८३५ ला वीस आणि मग थेट ४,८१०. साठ ग्रॅम विकून हातात आले २ लाख ८९ हजार ७१९ रुपये. सोन्याच्या भावापेक्षा सोळा हजारांहून अधिक कमी.

काकूंचा प्रश्न साधा होता. "हे सरकारचं कागदावरचं सोनंच ना? मग सोन्याचा भाव का नाही?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे हाती लागलं, ते विकणाऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं आहे.

सार्वभौम सुवर्ण रोखा म्हणजे सरकारनं दिलेलं वचन आहे. मुदत आठ वर्षांची. मुदत संपली की आधीच्या तीन कामकाजी दिवसांच्या ९९९ शुद्धतेच्या सोन्याच्या भावाची सरासरी काढून तेवढे रुपये मिळतात. हा भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन जाहीर करते. शिवाय मूळ विक्री भावावर दरसाल व्याज मिळतं, सुरुवातीच्या रोख्यांवर पावणेतीन टक्के आणि नंतरच्यांवर अडीच टक्के. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिला रोखा २,६८४ रुपयांना निघाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे ६,१३२ रुपये मिळाले. वचन पाळलं गेलं. मात्र हे वचन आठव्या वर्षीचं आहे. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर व्याजाच्या तारखांना रोखा रिझर्व्ह बँकेकडे परत करता येतो, पण त्याआधी सरकार तो परत घेत नाही. तोवर पैसे हवे असतील तर शेअर बाजारात दुसरा कोणी गिऱ्हाईक शोधावा लागतो, आणि तो जो भाव देईल तोच आपला भाव.

गोल्ड ईटीएफशी तुलना केली की यातला फरक लगेच कळतो. ईटीएफचा बाजारभाव आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा खाली घसरला, की मोठे व्यापारी स्वस्तात युनिट उचलतात, फंडाकडे देतात, बदल्यात सोन्याचं मोल घेतात आणि मधला फायदा खिशात टाकतात. त्यांच्या या खरेदीनंच भाव पुन्हा जागेवर येतो. रोख्यात ही सोय नाही. पाच वर्षांच्या आत स्वस्तातला रोखा उचलून त्याच दिवशी सोन्याच्या भावानं देऊन टाकण्याची कोणतीच जागा नाही. आणि भाव सावरायला जे मोठे व्यापारी लागतात, त्यांना इथं प्रवेशही नाही. रोखे घ्यायची मुभा भारतात राहणाऱ्या व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंबं, विश्वस्त संस्था, विद्यापीठं आणि धर्मादाय संस्था यांनाच आहे. व्यक्तीलाही एका आर्थिक वर्षात चार किलोंची मर्यादा आहे आणि बाजारातून घेतलेले रोखेही त्यातच मोजले जातात. म्हणजे समोर उभा असतो तो आपल्यासारखाच घरगुती गिऱ्हाईक. त्याला आज सोनं घ्यायचंच आहे, अशी काही घाई नसते. घाई असते ती विकणाऱ्याला. काकूंचे सोळा हजार हे त्या घाईचं मोल होतं.

त्यात हा बाजार फार विखुरलेला आहे. २०१५ ते २०२४ या काळात सदुसष्ट वेळा रोखे निघाले आणि प्रत्येकाची मालिका, मुदत संपण्याची तारीख आणि व्याजाची रक्कम वेगळी. बाजारातही प्रत्येकाचं चिन्ह स्वतंत्र. शेवटच्या मालिकेचं SGBFEB32IV, म्हणजे फेब्रुवारी २०३२ ला मुदत संपणारा. एकाच सोन्याचे असे सदुसष्ट गाळे मांडले, की गर्दी वाटली जाते आणि बऱ्याच गाळ्यांवर दिवसभरात मोजकेच ग्रॅम हलतात. अशा ठिकाणी पडद्यावर दिसणारा शेवटचा भाव कालचाही असू शकतो.

आणखी एक कारण काळानंच सिद्ध करून दाखवलं. सरकार दर काही महिन्यांनी नवे रोखे काढत असे आणि ऑनलाइन घेणाऱ्याला ग्रॅममागे पन्नास रुपये सूट देत असे. नवा कोरा रोखा सुटीसह मिळत असताना जुना त्याच भावाला कोण घेईल? जुन्याला खाली यावंच लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ६,२६३ रुपयांचा शेवटचा रोखा निघाला आणि मग नवे आले नाहीत. त्यानंतर सोन्याच्या भावाच्या तुलनेतली बाजारातली तूट आटली, काही मालिका तर सोन्याच्या भावापेक्षाही वर विकल्या गेल्या. रोखे तेच आणि सोनंही तेच होतं. बदलला होता तो फक्त पुरवठा. म्हणून तूट दिसली की रोख्यात खोट आहे असं समजू नये, आणि तूट नाहीशी झाली की रोखा जास्त चांगला झाला असंही समजू नये.

मग कराचा नियम आला आणि एकाच रोख्याचे उघडपणे दोन भाव झाले. आधी कोणत्याही व्यक्तीनं रोखा रिझर्व्ह बँकेकडे परत केला की नफ्यावर कर नव्हता, मग तो रोखा तिनं मुळात घेतलेला असो वा बाजारातून. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पानं ही सवलत मूळ विक्रीत रोखा घेऊन मुदत संपेपर्यंत तो सांभाळणाऱ्या व्यक्तीपुरती ठेवली, १ एप्रिल २०२६ पासून. बाजारातून घेणाऱ्याला एक वर्षाहून जास्त ठेवल्यावर नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्यावर उपकर. म्हणजे तोच रोखा मूळ धारकाच्या कपाटात जेवढ्याचा आहे, तेवढ्याचा तो आपल्या कपाटात नाही. आपण कमी भाव देऊ पाहतो ते रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की किती कमी?

एक उदाहरण मांडून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. समजा, शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० आहे आणि एक रोखा बाजारात ९,५०० ला मिळतो. त्याचा मूळ विक्री भाव ५,४०० होता. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन वर्षं बाकी आहेत, म्हणजे मुदत संपायला पाच.

पहिलं, व्याज. ते आपण दिलेल्या ९,५०० वर मिळत नाही, ५,४०० वर मिळतं. अडीच टक्क्यांनी वर्षाला १३५ रुपये. आपल्या पैशावर ते पडतात जेमतेम १.४ टक्के आणि त्यावर आपल्या उत्पन्नाच्या दरानं करही भरायचा आहे. "अडीच टक्के व्याज" ऐकून जुना रोखा घेणाऱ्याची पहिली चूक इथं होते.

दुसरं, तूट. पाचशे रुपये, म्हणजे आपण घातलेल्या पैशाच्या ५.२६ टक्के. ही कमाई आज हाती येत नाही, सोन्याचा भाव देणारी खिडकी उघडेल तेव्हा येते. रोखा मुदतीपर्यंत ठेवला तर ती पाच वर्षांवर पसरते, वर्षाला सुमारे एक टक्का. दोन वर्षांनी रिझर्व्ह बँकेकडे परत केला तर वर्षाला अडीच टक्क्यांहून थोडी अधिक. म्हणून तूट नुसती टक्क्यांत पाहून भागत नाही. ती खिडकीपर्यंतच्या वर्षांनी भागावी लागते. चार वर्षं दूर असलेल्या खिडकीसाठी सहा टक्के तूट आणि सहा महिन्यांवर आलेल्या खिडकीसाठी दोन टक्के तूट, यांत दुसरी मोठी आहे.

तिसरं, कर. परत करताना सोनं १३,००० वर गेलं असेल तर नफा ३,५०० आणि उपकरासह कर ४५५ रुपये. आपल्याला मिळालेल्या पाचशेंतले जवळपास सगळे मुदतीपर्यंत थांबणाऱ्या मूळ धारकाला नसलेल्या करात जातात. सोनं १०,००० वरच राहिलं तर नफा पाचशे आणि कर फक्त ६५. सोनं ८,००० वर उतरलं तर ग्रॅममागे दीड हजारांचं नुकसान, आणि तूट तेवढ्या पडझडीत फार तर एक पायरी राखते. हा कर ईटीएफलाही आहे, त्यामुळे ईटीएफऐवजी रोखा घ्यायचा का हे ठरवताना तूट आणि व्याज हा खरा जास्तीचा लाभ धरायला हरकत नाही. पण "करमुक्त सोनं स्वस्तात" हे जुनं समीकरण बाजारातल्या खरेदीदाराला आता लागू नाही.

हा हिशेब मांडताना तूट कशाच्या तुलनेत मोजतो, ते महत्त्वाचं. सराफाच्या दुकानातल्या भावात तीन टक्के जीएसटी धरलेला असू शकतो. तशा भावाशी तुलना केली तर जी तूट दिसेल, तिच्यातले सुमारे तीन टक्के खोटेच आहेत, कारण रोखा परत करताना मिळणारा भाव जीएसटी वगळून असतो. असोसिएशनचा ९९९ चा भाव घ्यावा, त्याच दिवसाचा. आणि खरेदी करताना शेवटच्या भावाकडे पाहून बाजारभावानं ऑर्डर टाकू नये. विक्रीच्या रांगेत किती ग्रॅम कोणत्या भावाला आहेत ते पाहून आपला भाव लिहावा आणि थांबावं. काकूंच्या पडद्यावर वरच्या आणि खालच्या बोलीत एक्कावन्न रुपयांचं अंतर होतं. घाईनं घेणाऱ्यालाही तसंच अंतर भोगावं लागतं, उलट्या बाजूनं.

काकूंना तेव्हा आणखी एक वाट होती, हे मला उशिरा कळलं. सुवर्ण रोखे तारण ठेवून बँकेकडून कर्ज मिळतं, सोनं तारण ठेवून मिळतं तसंच. गरज काही महिन्यांची असती तर सोळा हजारांपेक्षा व्याज कमी पडलं असतं आणि रोखा त्यांच्याच नावावर राहिला असता.

बाजारातली तूट हे घेणाऱ्याला मिळणारं वाट पाहण्याचं मोल आहे. ते ज्याला खिडकी उघडेपर्यंत खरोखर थांबता येतं, त्यालाच मिळतं. जो मध्येच विकायला निघतो, तो उद्या काकूंच्या जागी उभा असतो आणि त्याची तूट दुसऱ्याच्या खिशात जाते. तेव्हा स्वस्तात दिसणारा रोखा घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: खिडकी उघडेपर्यंत हे पैसे मला लागणार नाहीत ना? उत्तर नक्की नसेल, तर तो रोखा तुमच्यासाठी स्वस्त नाही.