व्हावे, मिळावे, करावे

नानांनी तहसीलदारांना लिहिलेला अर्ज फुलस्केपच्या दोन पानांचा होता. सुरुवात आजोबांनी जमीन कधी घेतली इथून. मग वडिलांचं आजारपण, 2011 साली झालेली वारस नोंद, धाकट्या भावाने बांध कोरल्याची हकिकत, तलाठ्याने मारायला लावलेले हेलपाटे, बँकेने अडवलेलं पीककर्ज. दुसऱ्या पानाच्या तळाशी एकदाचं वाक्य येतं: 'तरी मे. साहेबांनी योग्य ती कार्यवाही करून न्याय द्यावा.' वर विषयाच्या जागी एवढंच: '7/12 बाबत.'

मी त्यांना म्हटलं, मागणी वर घेऊ या. ते म्हणाले, "आधी सगळं सांगितल्याशिवाय साहेबांना कळणार कसं?" हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. समोरासमोर आपण असंच बोलतो. पाणी-चहा होतो, ख्यालीखुशाली होते आणि मग काम निघतं. मराठी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांबलेल्या वाक्यात काय हवं ते सर्वांत उशिरा कळतं. पण अर्ज आधी साहेबांपुढे जातच नाही. तो आवक टेबलावर जातो. तिथला कारकून विषय वाचून नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि बहुधा त्या ओळीवरूनच कागद कोणत्या टेबलावर जायचा ते ठरतं. महसूल कार्यालयात '7/12 बाबत' म्हणजे दवाखान्यात जाऊन 'तब्येतीबाबत आलोय' म्हणण्यासारखं आहे.

खरं तर आपल्या अर्जाच्या साच्यात मागणीची जागा पहिलीच आहे. ती म्हणजे विषयाची ओळ. 'बाबत' नुसत्या नामाला जोडलं की ती पोकळ राहते. 'दुरुस्त करणेबाबत' असं क्रियापदाला जोडलं की तीच ओळ मागणी होते. आपण मात्र तिथे 'विनंती अर्ज' लिहून ती वाया घालवतो.

तळाचं वाक्य उचलून वर ठेवायला गेलो, तर उचलण्याजोगं काही हातीच लागेना. 'योग्य ती कार्यवाही' कोणती? मग मी पेन्सिल घेऊन दोन्ही पानांतल्या विध्यर्थी क्रियापदांखाली रेघा मारल्या, कारण लेखी मराठीत मागणी बहुतेक वेळा तिथेच असते. पाच निघाली: क्षेत्र बरोबर व्हावे, हद्द ठरवून मिळावी, तलाठ्यास समज द्यावी, बँकेला कळवावे, न्याय द्यावा. एका अर्जात पाच अर्ज कोंबलेले होते. मसुदा भरकटतो तो पाल्हाळामुळे, असं आपण समजतो. पण पुष्कळदा नेमकं काय मागायचं हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं, आणि पाल्हाळ ही त्याची खूण असते.

मूळ दुखणं एका आकड्याचं होतं. हस्तलिखित 7/12 वर क्षेत्र 0.81 हेक्टर, संगणकीकृत उताऱ्यावर 0.18. आकडे उलटे पडले होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 खाली अशी लेखनचूक दुरुस्त करता येते. हितसंबंधितांनी मान्य केलेली चूकही त्यात येते. आता याच अर्जात भावाने बांध कोरल्याची कथा असेल, तर वाचणारा काय समजेल? की इथे भावाभावांत वाद आहे. मग साधी लेखनचूक तंट्यासारखी दिसू लागते आणि नोटिसा, सुनावण्या मागे लागण्याची भीती. म्हणजे ती कथा जागा तर खात होतीच, शिवाय मागणीच्या विरोधात साक्षही देत होती.

नवा मसुदा असा झाला. विषय: 'गट क्र. 214 च्या संगणकीकृत 7/12 वरील क्षेत्र 0.18 हे. ऐवजी 0.81 हे. असे दुरुस्त करणेबाबत (कलम 155).' सुरुवात: 'सदर गटाचे क्षेत्र हस्तलिखित 7/12 वर 0.81 हे. असून संगणकीकरणात ते 0.18 हे. असे नोंदले गेले आहे. ते दुरुस्त करावे, ही विनंती.' पुढे वारस नोंदीचा फेरफार क्रमांक, आणि चुकीमुळे पीककर्ज अडल्याचं एकच वाक्य, कारण घाई का आहे ते त्यातून कळतं. सोबत दोन्ही उतारे आणि फेरफाराची नक्कल. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा वेगळा अर्ज. तलाठ्याची तक्रार, करायचीच तर, स्वतंत्र कागदावर.

ही रीत सगळीकडे चालवू नये. मेहुण्याकडे उसने पैसे मागताना पहिल्या ओळीत रक्कम लिहिणारा माणूस मला तरी उद्धट वाटेल. तिथे वाचणारा आपल्याला ओळखतो, आणि आधीची चार वाक्यं त्या ओळखीची असतात. कारकून ओळखत नाही, आणि त्याने ओळखावं अशी अपेक्षाही नाही.

नानांनी नवा अर्ज दोनदा वाचला. "यात बाबांचं काहीच नाही," ते म्हणाले. फेरफाराच्या ओळीत मी 'वडील मयत झाल्यानंतरच्या वारस नोंदीचा' एवढे शब्द घातले. त्यांनी सही केली. जुनी दोन पानं मात्र घडी घालून पिशवीत ठेवली. साहेबांनी विचारलंच तर असू द्यावीत, म्हणून.