होल्ड करायलो

4 जून 2024. सकाळी आठला मतमोजणी सुरू झाली, सव्वानऊला बाजार. दिवस संपला तेव्हा नांदेड आणि लातूर या लोकसभेच्या दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या आणि निफ्टी 1,379 अंकांनी खाली आला होता. नांदेडच्या विष्णुपुरीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मेडिकल कॉलेज आहे, विद्यापीठही आहे. म्हणजे हातात मोबाईल आणि खात्यात थोडे पैसे असलेली तरुण पोरं भरपूर. त्यातल्या कुणाचं मत जिंकलं आणि पैसे हरले असतील, तर त्याने गुलाल घ्यायचा की डोकं धरायचं? मत एकीकडे आणि कॉल दुसरीकडे, असं एकाच माणसाचं असू शकतं.

बाजार पडला की बातमीच्या आधी मीम पोहोचतं. बातमीला आकडा तपासावा लागतो. मीमला चेहरा पुरतो.

चेहरे तीनच. पहिला घाबरलेला, त्याच्यासाठी आपल्याकडे अशोक सराफांचा एखादा गोंधळलेला क्षण कायम तयार असतो. दुसरा, काही झालंच नाही असं म्हणणारा. तिसरा शांत, फारच शांत. आग लागलेल्या खोलीत कॉफी पीत बसलेला तो कुत्रा केसी ग्रीन या अमेरिकन चित्रकाराने 2013 मध्ये काढला. ओठांनी हसणारा पण डोळ्यांनी न हसणारा तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा हंगेरीचा आहे, आणि पेशाने होता विद्युत अभियंता. इंजिनिअरिंगच्या पोरांना तो इतका आपला का वाटतो, याचं एक कारण हेही असेल.

घाबरलेल्याची काळजी मला कमी वाटते. तो निदान पडद्याकडे बघतो आहे.

पडदा लाल होतो म्हणून आपण घाबरतो, असं आपल्याला वाटतं. शांघायच्या बाजारात भाव वाढले की आकडे लाल होतात आणि पडले की हिरवे. तिथला माणूस हिरवं बघून घाबरतो.

घाबरण्याला बाजारानेच एक नियम करून ठेवला आहे. निर्देशांक दहा टक्के हलला की व्यवहार थांबतात, दुपारी एकच्या आधी असेल तर 45 मिनिटं. 23 मार्च 2020 ला तसं झालं. पाऊण तासाने बाजार उघडला आणि आणखी पडला, दिवसअखेर सेन्सेक्स 13 टक्क्यांनी खाली. थांबवून भीती जात नाही. फक्त तिला विचार करायला वेळ मिळतो. 4 जूनला निफ्टी दिवसात एकदा साडेआठ टक्क्यांपर्यंत घसरला, दहा गाठले नाहीत, म्हणून तेवढाही वेळ कुणाला मिळाला नाही.

आता दुसरा चेहरा. याच्या मीमखाली आमच्याकडे दोनच शब्द असतात: होल्ड करायलो.

सकाळी घेऊन दुपारी विकायला आलेला माणूस दुपारी तीनला लाँग टर्म गुंतवणूकदार होतो. त्याने कंपनीचा ताळेबंद वाचलेला नसतो, फक्त तोटा वाचलेला असतो. विकलं नाही म्हणजे तोटा झाला नाही, हे त्याचं गणित. गंमत अशी की हे गणित कधी कधी बरोबर निघतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

3 जूनला, एक्झिट पोलच्या आनंदात, निफ्टी 23,264 वर बंद झाला. समजा विष्णुपुरीतल्या एकाने त्या दिवशी निफ्टीच्या इंडेक्स फंडात 50 हजार ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे झाले सुमारे 47 हजार. तो म्हणाला, होल्ड करायलो. 7 जूनला निफ्टी 23,290 वर बंद झाला. 50 हजार परत, वर पन्नास-एक रुपये. चहा निघाला.

त्याच्याच खोलीतल्या दुसऱ्याने त्याच दिवशी निफ्टीचा 23,000 चा कॉल घेतला, 6 जूनला संपणारा. तेव्हा एका लॉटमध्ये 25 नग. भाव समजा 600 रुपये, म्हणजे 15 हजार गेले. कॉल म्हणजे निफ्टी त्या तारखेला 23,000 च्या वर जितका असेल तितके पैसे मिळण्याचा हक्क, खाली असेल तर शून्य. 4 तारखेला निफ्टी 21,884 वर आला आणि 15 हजारांची चिल्लर झाली. तोही म्हणाला, होल्ड करायलो. त्यानेही तेच मीम टाकलं. 6 जूनला निफ्टी 22,821 वर बंद झाला. 179 अंक कमी पडले. हक्क संपला, पैसे शून्य.

दुसऱ्या दिवशी बाजार 23,000 च्या वर गेला.

म्हणजे दोघांचाही अंदाज बरोबर होता. बाजार परत आला. एकाकडे वाट बघायला वेळ होता, दुसऱ्याने वेळच विकत घेतला होता, आणि तो गुरुवारी संपला. मीम मात्र दोघांचं एकच. ते चेहरा दाखवतं, हातात काय आहे ते दाखवत नाही. शेअर आहे की मुदत असलेला कागद आहे, पैसे स्वतःचे आहेत की उसने, हे विचारल्याशिवाय धीराला दाद देऊ नये.

आणि शेअर असला तरी निर्देशांक वेगळा, कंपनी वेगळी. निर्देशांकातून पडकी कंपनी काढतात आणि धडधाकट आत घेतात, म्हणून तो परत येतो. तुमच्या खात्यातून पडकी कंपनी कुणी काढत नाही. येस बँकेचा शेअर 2018 च्या ऑगस्टमध्ये चारशेच्या आसपास फिरत होता. मार्च 2020 मध्ये बँकेवर निर्बंध आले, आणि पुनर्रचनेच्या योजनेत असं ठरलं की ज्यांच्याकडे शंभरपेक्षा जास्त शेअर आहेत त्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत. होल्ड करायलो म्हणणाऱ्यांना सरकारने राजपत्रातून होल्ड करायला लावलं. तीन वर्षांनी कुलूप निघालं तेव्हा भाव पंधरा-सोळा रुपयांच्या आसपास होता.

नाकारणं हे फक्त पोरांचं नाही. ज्या घरांतून ही पोरं विष्णुपुरीला येतात त्यातल्या कितीतरी घरांत सोयाबीन पिकतं. 2021 च्या ऑगस्टच्या सुमारास लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं. मग उतरलं. पुढची दोन वर्षं पोत्यांची थप्पी घरात लावून, दहा हजार परत येतील म्हणून बसलेली माणसं मराठवाड्यात गावोगाव होती. 2024-25 चा हमीभाव 4,892 ठरला आणि बाजारात तेवढाही मिळेना. बापाने थप्पी धरून ठेवली होती आणि पोराने कॉल. फरक एवढाच की बापाच्या थप्पीत निदान सोयाबीन होतं. आणि बापाला त्यावर मीम सुचलं नाही.

(एक जाता जाता. सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवले आणि पुढे या बंदीला मुदतवाढ देत राहिली. बापाला पुढचा भाव आधी बांधून घेण्याची सोय राहिली नाही. पोराला निफ्टीवर दर आठवड्याला पैज लावण्याची राहिली. याचं मीम अजून कुणी केलेलं दिसलं नाही.)

तिसरा चेहरा सगळ्यात अवघड. खोटी शांती.

खऱ्या शांत माणसाला बाजार पडल्याचं संध्याकाळी कळतं, तेही दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यावर. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ‘आपल्याला काही फरक पडत नाही’ असं मीम टाकणाऱ्याला फरक पडलेला असतो, म्हणून तर तो नऊ वीसला जागेवर आहे.

पाचशे रुपये गेलेला आणि पाच लाख गेलेला, दोघेही त्याच कुत्र्याला आगीत बसवतात. ग्रुपवर सगळे हसतात. पाचशेवाल्याचं हसू खरं असतं आणि त्याच्या आडोशाला पाच लाखवाला उभा राहतो. मीमची ही दया आहे आणि हाच धोका.

त्याला ओळखायचं कसं? मीमवरून नाही. तो ‘ॲव्हरेज’ करायला लागतो, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खाली आणतो, आणि ते कुणाला सांगत नाही. दोन दिवसांसाठी म्हणून पैसे मागतो, कारण वेगळंच सांगतो. मेसची फी राहते. नफ्याचे स्क्रीनशॉट येत होते ते बंद होतात आणि मीम मात्र वाढतात. शेवटी एके दिवशी मीमही थांबतात. तो दिवस त्याच्या खोलीवर जाऊन बसण्याचा असतो.

स्वतःवर हसणं ही मोठी गोष्ट आहे, पण हसून झाल्यावर खातं उघडून बघितलं तर. बरेच जण हसण्यालाच हिशेब समजतात. तोट्याचा विनोद झाला की तोटा पचल्यासारखा वाटतो, आणि पचलेल्या तोट्यावर पुन्हा भूक लागते.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य माणसांचा तीन वर्षांचा हिशेब मांडला. शंभरातले 93 तोट्यात, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. या व्यवहारांत तिशीच्या आतले 2023-24 मध्ये 43 टक्के झाले होते, आणि बहुतेक जण मोठ्या शहरांबाहेरचे, म्हणजे नांदेड-लातूरसारख्या गावांतले. पण त्यातला सर्वांत बोलका आकडा मला वेगळाच वाटतो. सलग दोन वर्षं तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक पुढेही खेळतच राहिले.

यानंतर नियम कडक झाले. निफ्टीचा लॉट 25 चा 75 झाला, साप्ताहिक मुदत पुढे गुरुवारची मंगळवारी आली. जुलै 2025 मध्ये सेबीने 2024-25 चा हिशेब दिला. तोट्यात गेलेले शंभरातले 91.