आभाराची मुदत

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या नगरकडच्या, कुठल्याही गावातला कार्यक्रम घ्या. वाचनालयाचं उद्घाटन असो की शाळेचं स्नेहसंमेलन, आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी असतं. सूत्रसंचालकाने "आता आभारप्रदर्शनासाठी मी विनंती करतो" म्हटलं रे म्हटलं की लोक उठायला लागतात. खुर्च्या सरकतात, चपलांची शोधाशोध सुरू होते. आभार मानणारा मंडपवाल्यापासून साउंडवाल्यापर्यंत एकेक नाव घेत राहतो आणि ज्यांची नावं घेतली जातात ते मागच्या बाजूला वायरी गुंडाळत असतात. हे आभार अगदी वेळेवरचे असतात. फक्त ते कुणाला मिळत नाहीत.

आणि घरात तर आभार मानायचेच नसतात. मामाने फी भरली आणि भाचा "धन्यवाद मामा" म्हणाला, तर मामा विचारतो, "परका झालो का रे मी?" तरीही हल्ली आपल्याला आभाराच्या उशिराची धास्ती वाटते, कारण मोबाइलने प्रत्येक गोष्टीवर वेळ छापायला सुरुवात केली. समोरच्याने किती वाजता पाठवलं आणि आपण किती वाजता वाचलं, हे दोघांनाही दिसतं. दोन दिवस गेले की उत्तर द्यायला अवघड वाटतं, दोन आठवडे गेले की लाज वाटते, आणि दोन वर्षं गेली की आपण तो विषयच बंद करतो. या शेवटच्या पायरीबद्दल मला शंका आहे. उशीर झाला म्हणजे आभार वाया गेले, असं सरसकट म्हणता येत नाही. ते आभार कोणतं काम करणार होते, यावर ते ठरतं.

काही आभार म्हणजे निव्वळ पोच असते. काकांनी गुगल पेवर पाच हजार पाठवले, मित्राने रात्री अकराला बसस्टँडवर सोडलं, कुणी तुमच्यासाठी कंपनीत शब्द टाकला आणि मुलाखत झाली. अशा वेळी समोरचा माणूस कौतुकाची वाट पाहत नसतो, बातमीची पाहत असतो. पैसे मिळाले का? पोचलास का? मुलाखत कशी झाली? इथे मुदत काही तासांची असते, फार तर एका दिवसाची. आठवड्याने पाठवलेलं लांबलचक धन्यवाद इथे निरुपयोगी, कारण मधल्या काळजीची भरपाई त्यातून होत नाही. शब्द टाकणाऱ्याची तर आणखी पंचाईत होते. त्याच्या ऑफिसात कुणी विचारलं, "तुमचा तो मुलगा आला होता ना, काय झालं त्याचं?" तर त्याच्याकडे उत्तर नसतं.

लग्नाचं गणित वेगळं आहे. एकाच लग्नात आभाराची दोन-तीन वेगवेगळी कॅलेंडरं चालतात. जी पोरं दिवसभर पंगतीत वाढत होती, पाण्याचे जार उचलत होती, त्यांचे आभार त्याच दिवशी मानायचे असतात आणि तेही तोंडाने नाही. सगळे जेवून गेल्यावर त्या पोरांची पंगत बसवायची आणि घरच्यांनी स्वतः वाढायचं. हे दुसऱ्या दिवशी करता येत नाही. नातेवाइकांकडे मात्र नवं जोडपं पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत पाया पडायला जातं. ते जाणं हेच आभार.

पण आहेराला सगळ्यात लांबची मुदत असते. कुणी काय दिलं हे वहीत लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढून बघतात. ते कार्य दोन वर्षांनी असेल, नाहीतर बारा वर्षांनी. समजा, चुलत मावशीने पैठणी दिली आणि तुम्ही पुढच्याच आठवड्यात तेवढ्याच किमतीची साडी तिच्या घरी पोचती केली. मावशी खूश होणार नाही, दुखावेल. तुम्ही तिचा हिशेब मिटवून टाकलात, तिच्याशी बांधलेलं राहायला तुम्हाला जड जातं, असाच त्याचा अर्थ ती घेईल. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानेही उपकारांवरच्या आपल्या ग्रंथात हेच बजावलं आहे की, फेडायची फार घाई करणारा माणूस कृतज्ञ नसतो, तो कर्ज डोक्यावर नको असलेला कर्जदार असतो. त्याने आपली आहेराची वही पाहिली नव्हती, पण मावशीचं दुःख त्याला कळलं असतं.

मयताच्या घरी तर लवकर मानलेले आभार विसंगतच वाटतात. घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणि नातलग जेवण आणतात, कुणी तिरडीचं सामान आणतं, कुणी लांबच्या पाहुण्यांना फोन लावत बसतं. तिथून निघताना लोक "येतो" असंही म्हणत नाहीत, गुपचूप उठून जातात. अशा ठिकाणी मुलाने दारात उभं राहून प्रत्येकाला धन्यवाद म्हणणं कसं दिसेल? दहाव्याला घाटावर प्रवचन आणि श्रद्धांजली झाली की घरातलं कुणीतरी सगळ्यांचं ऋण व्यक्त करतं. ते सर्वांसाठी असतं. एकेकाचे आभार तेराव्यानंतर, घर जरा ताळ्यावर आलं की. महिन्याने मानले तरी चालतात, वर्षश्राद्धाच्या वेळी मानले तरी कुणी उशीर म्हणत नाही. अपवाद एकच. ॲम्ब्युलन्सचे किंवा लाकडांचे पैसे ज्याने खिशातून भरले, त्याला त्याच आठवड्यात विचारायचं, कारण तो स्वतःहून कधीच मागणार नाही.

आता सगळ्यात अवघड प्रकार. कुणी काहीतरी केलं आणि त्याचं मोल तुम्हाला वर्षांनी कळलं. इथे मला नगरचा भुईकोट किल्ला आठवतो. ९ ऑगस्ट १९४२ ला पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना तिथे ठेवलं होतं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिलं. सोबतचे अकरा जण रोज भेटणारे, सारख्या चर्चा करणारे. तोंडी आभार मानायला रोजची संधी होती. पण प्रस्तावनेत त्यांनी या सोबत्यांचं ऋण मान्य केलं आणि मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांची नावं वेगळी काढली, ती २९ डिसेंबर १९४५ ला, लिहून झाल्यावर सव्वा वर्षाने. किल्ल्यात मानलेले आभार सौजन्य ठरले असते. या गप्पांमधून काय घडलं हे मात्र पुस्तक हातात असतानाच सांगता येत होतं. असे आभार मी साक्ष समजतो. तुम्ही जे केलंत त्याचं पुढे असं झालं, ही साक्ष. ती लवकर देताच येत नाही, कारण तोवर काही झालेलंच नसतं.

अशी उशिराची साक्ष ऐकणाऱ्याला कशी वाटते, याबद्दल एक चांगला अभ्यास आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना आपल्या आयुष्यावर परिणाम केलेल्या एखाद्या व्यक्तीला कृतज्ञतेचं पत्र लिहायला लावलं, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला आणि मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त चकित आणि जास्त आनंदी झाले होते, आणि वाटलं होतं त्यापेक्षा कमी अवघडले होते. लिहिणारे आपल्याला नीट शब्द सुचताहेत का यात अडकतात. वाचणाऱ्याला शब्दांपेक्षा आपुलकी दिसते. हा अभ्यास परदेशातला आहे, पण अवघडलेपणाचा अंदाज चुकण्यात आपणही मागे नसावेत.

एक उदाहरण नीट करून बघू. समजा, अकोले तालुक्यातली एक मुलगी आहे. बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सरांनी तिला स्वतःच्या मोटारसायकलवर संगमनेरला नेलं आणि फी भरली. सात वर्षं झाली, ती पुण्यात नर्स आहे, आणि सरांना एकदाही फोन केलेला नाही. ती पहिल्यांदा लिहिते: "सर, खूप उशीर झाला, मला माफ करा, मी किती कृतघ्न आहे, तुमचे आभार कसे मानू कळत नाही." हा मेसेज वाचून सरांना पहिलं काम काय लागतं? तिची समजूत घालायचं. "अगं, असू दे, मी काय केलं." म्हणजे उपकार त्यांनी केला आणि आता सांत्वनही त्यांनीच करायचं. शिवाय सातपैकी एका वर्षाचीही हकीकत त्यांच्या हाती लागली नाही.

ती ते खोडते आणि दुसरं लिहिते: "सर, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मला गाडीवर संगमनेरला नेलं होतं, मी ती मुलगी. आता पुण्यात आयसीयूत काम करते. काल रात्रपाळीला नवीन मुलगी आली, तीही अकोल्याचीच. तिला सलाईन लावायला शिकवताना तुमची आठवण आली. काम काही नाही, एवढंच कळवायचं होतं." यात माफी नाही, आभार हा शब्दही नाही. पण नेमका दिवस आहे, पुढे काय झालं ते आहे. आणि "काम काही नाही" हे वाक्य तर फार गरजेचं आहे. वर्षांनी आलेल्या फोनवर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "बोल, काय काम काढलंस?" तो प्रश्न आला आणि तुमच्याकडे खरंच काम असलं, की मागचे सगळे आभार प्रस्तावना ठरतात. म्हणून भावाच्या ॲडमिशनबद्दल सरांना विचारायचंच असेल, तर ते त्या मेसेजमध्ये नको आणि त्या महिन्यातही नको.

फीच्या पैशांचं काय? उसने म्हणून दिले असतील तर आधी ते परत करायचे, आणि इथे उशीर हा उशीरच असतो, गोड मेसेजने तो झाकता येत नाही. तसेच दिले असतील तर परत पाठवू नयेत, मावशीच्या पैठणीसारखं होईल. त्याऐवजी एखाद्या मुलीचा फॉर्म भरावा आणि सरांना तेवढं कळवावं.

आणि सर आता नसतील तर? तरी त्यांच्या घरचे असतात. त्यांना सर प्रेमळ होते हे सांगण्यात काही अर्थ नाही, ते त्यांना माहीतच आहे. शेवटच्या दिवशी अकोल्याहून संगमनेरला गेलेली ती मोटारसायकल मात्र बहुधा त्यांना माहीत नसते. सरांनी घरी येऊन ते सांगितलंच नसेल.